एकविसाव्या दिवसानंतरचं पत्र

समजा, नाशिकची एक मुलगी पुढच्या शिक्षणासाठी फ्रान्समधल्या ग्रनोबलला निघाली आहे. मुंबईहून निघून आखातातल्या एका शहरात विमान बदलायचं आणि ३ सप्टेंबरला सकाळी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरायचं. तिथून पुढचा प्रवास रेल्वेचा. पॅरिसला सामानाचा पट्टा बराच वेळ फिरतो, शेवटची बॅग उचलली जाते, पट्टा थांबतो. तिची निळी बॅग आलेली नसते. वर्षभराचे कपडे, थंडीचा कोट, पुस्तकं, लहान कुकर, सगळं त्याच बॅगेत होतं.

ती विद्यापीठात पोचते, मैत्रिणींकडून उसनं मागून काही दिवस काढते आणि मग कंपनीला पत्र लिहायला बसते. बहुतेकांचं पहिलं पत्र रागाचं आणि लांबलचक असतं. प्रवास किती त्रासाचा झाला, काउंटरवरचा माणूस कसा बोलला, फोन कितीदा कट झाला, हे सगळं त्यात येतं. बॅगेचा क्रमांक मात्र राहून जातो आणि नेमके किती पैसे हवेत हेही कुठे लिहिलेलं नसतं. असं पत्र वाचणाऱ्या कारकुनाला काय करावं ते कळत नाही. तक्रारपत्र वाचणारा माणूस विमानतळावर नव्हता. त्याच्यासमोर फक्त पडदा आणि एक फाइल असते. पत्रातल्या प्रत्येक वाक्यावरून त्याला काहीतरी तपासून पाहता आलं, तरच ते पत्र कामाचं.

पत्र फ्रेंचमध्येच का लिहायचं, हा प्रश्न साहजिक आहे. विमान कंपन्या इंग्रजी पत्रंही घेतात. पण प्रकरण पुढे गेलं तर ते फ्रान्समधल्या मध्यस्थाकडे किंवा न्यायालयात जाऊ शकतं आणि तिथलं कामकाज फ्रेंचमध्ये चालतं. १५३९ साली राजा पहिला फ्रान्स्वा याने व्हिलेर-कॉतरे इथून काढलेल्या फर्मानाने न्यायालयीन कागद फ्रेंचमध्ये लिहायची सक्ती केली, तेव्हापासूनचा हा शिरस्ता आहे. कंपनीला पाठवलेलं पत्र हे त्या संभाव्य फाइलचं पहिलं पान असतं. ते सुरुवातीलाच फ्रेंचमध्ये असलं तर पुढचं काम हलकं होतं.

पत्राची खरी तयारी मात्र विमानतळावरच होते. सामानाच्या दालनातून बाहेर पडण्याआधी 'सेर्विस बागाज' असं लिहिलेला काउंटर गाठायचा आणि बॅग न आल्याची नोंद करून घ्यायची. या नोंदीला जगभर पीआयआर म्हणतात. नोंदीचा क्रमांक दहा अक्षरांचा असतो, उदाहरणार्थ CDGXX12345. पहिली तीन अक्षरं विमानतळाची, पुढची दोन कंपनीची (इथे XX हे नुसतं उदाहरण आहे) आणि शेवटचे पाच आकडे नोंदीचे. कंपन्या हरवलेल्या सामानाचा शोध वर्ल्डट्रेसर नावाच्या सामायिक प्रणालीत घेतात आणि प्रवाशालाही हाच क्रमांक टाकून शोध कुठवर आला ते पाहता येतं.

दुसरा क्रमांक मुंबईला चेक-इन करतानाच हातात आलेला असतो. बॅगेच्या मुठीला लावलेल्या पट्टीचा छोटा तुकडा बोर्डिंग पासला किंवा पासपोर्टच्या मागे चिकटवून देतात. त्यावर दहा आकडे असतात. विमानतळांवरची यंत्रं बॅग या आकड्यांवरूनच ओळखतात. बॅग कुठे शेवटची वाचली गेली, आखातात एका विमानातून उतरली पण दुसऱ्यात चढली की नाही, हे कंपनीला यावरूनच कळतं. सामान चुकण्याचं सर्वांत मोठं कारण विमान बदलणं हेच असतं. पहिलं विमान उशिरा पोचतं, माणूस धावत दुसरं विमान गाठतो, बॅगेला तेवढा वेळ मिळत नाही. पट्टीचा हा तुकडा बॅग हातात येईपर्यंत जपून ठेवायचा.

काउंटरवर बॅगेचं वर्णन विचारतात. 'मोठी निळी बॅग' एवढ्याने भागत नाही, कारण सापडलेल्या सामानाच्या गोदामात मोठ्या निळ्या बॅगा ढिगाने असतात. कंपन्यांकडे बॅगांच्या चित्रांचा एक तक्ता असतो. त्यात रंगाला संक्षिप्त अक्षरं आणि आकाराला आकडे ठरवून दिलेले असतात. तक्त्यातल्या चित्रावर बोट ठेवून आपला प्रकार दाखवणं सगळ्यांत सोपं. पण तक्त्यात न बसणाऱ्या खुणा शब्दांत सांगाव्या लागतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. आधी प्रकार, मग रंग, माप, चाकं, कुलूप आणि शेवटी अशी एखादी खूण, जी दुसऱ्या बॅगेवर असणं कठीण. आपल्या उदाहरणातली मुलगी लिहील: 'यून ग्राँद वालीज रिजीद, ब्लो मारीन', म्हणजे कडक कवचाची, गडद निळ्या रंगाची मोठी बॅग, उंची सुमारे ७५ सेंटिमीटर, चार चाकं, आकड्यांचं कुलूप, मधोमध लाल पट्टा, डाव्या बाजूला गोल पिवळा स्टिकर आणि मुठीजवळ पडलेली भेग. पट्टी फाटली असेल तर गोदामातला माणूस या भेगेवरूनच बॅग ओळखेल.

आत काय आहे याच्याही दोन-तीन ठळक गोष्टी सांगाव्यात. पट्टी आणि नावाची चिठ्ठी दोन्ही निघाल्या तर बॅग उघडून आतलं सामान जुळवून पाहतात. अशा वेळी 'कपडे' या शब्दाचा उपयोग नसतो, कारण कपडे प्रत्येक बॅगेत असतात. 'तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा प्रेशर कुकर आणि देवनागरीत छापलेली पुस्तकं' हे लाखात एक. मराठी घरातून निघालेल्या बॅगेत अशी खूण हमखास सापडते.

इथून पुढे दिवस मोजायला लागतात. न आलेली बॅग लगेच 'हरवलेली' ठरत नाही, ती आधी 'उशिरा येणारी' असते. अशा बहुतेक बॅगा काही दिवसांत सापडतात आणि कंपनी त्या घरपोच पाठवते. हा फरक आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे. १९९९ च्या माँट्रियल कराराने आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या सामानाची जबाबदारी ठरवून दिली. भारतात तो २००९ पासून लागू आहे आणि फ्रान्ससह युरोपीय संघात २००४ पासून. बॅग ज्या दिवशी पोचायला हवी होती, त्यानंतर २१ दिवस उलटले किंवा त्याआधी कंपनीने स्वतःच हरवल्याचं मान्य केलं, की प्रवाशाला बॅग हरवली असं धरून भरपाई मागता येते.

आपल्या मुलीसाठी हा दिवस २४ सप्टेंबर. त्याआधी 'बॅग हरवली, किंमत द्या' असं लिहिलं तर कंपनी सरळ कळवेल की शोध सुरू आहे. या काळात मागायचा तो तातडीच्या खरेदीचा खर्च. दात घासायचा ब्रश, साबण, दोन जोड कपडे आणि ग्रनोबलच्या संध्याकाळी लागणारं जाकीट. समजा तिने एकूण १४६ युरो खर्च केले आणि प्रत्येक पावती ठेवली. खरेदी गरजेपुरतीच हवी. महागडा कोट 'तातडीचा' म्हणून मान्य होत नाही.

बॅग मधेच मिळाली तर हिशेब वेगळा. समजा ती ९ सप्टेंबरला घरी आली. मग उशिराबद्दलची लेखी तक्रार त्या तारखेपासून २१ दिवसांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत करायला हवी. बॅग मोडकी आली असेल तर मुदत फक्त सात दिवस. विमानतळावरची पीआयआर नोंद झाली म्हणजे लेखी तक्रार झाली, अशी अनेकांची समजूत असते आणि त्यावर विसंबून या मुदती हातच्या जातात. कंपन्या पीआयआरला शोधासाठीची नोंद मानतात. म्हणून तक्रारीचं पत्र वेगळं पाठवणं शहाणपणाचं.

आपल्या उदाहरणात बॅग आलीच नाही. २९ सप्टेंबरला ती पत्र लिहिते. फ्रेंच औपचारिक पत्राची मांडणी ठरलेली असते. वर डावीकडे पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन. त्याखाली उजवीकडे कंपनीच्या ग्राहकसेवा विभागाचा पत्ता. मग गाव आणि तारीख. त्यानंतर 'ओब्जे', म्हणजे विषय, एका ओळीत: 'रेक्लामास्यों पूर पेर्त द बागाज आँरजिस्त्रे', चेक-इन केलेलं सामान हरवल्याबद्दल तक्रार. विषयाखालीच पीआयआर क्रमांक, पट्टीचे दहा आकडे, तिकिटाचा बुकिंग कोड आणि विमानांचे क्रमांक. पत्र उघडणाऱ्याला मजकूर वाचण्याआधीच फाइल शोधता आली पाहिजे. संबोधन 'मादाम, मस्यो'. पत्र कोणाच्या हाती पडेल हे माहीत नसताना हेच लिहितात.

मजकूर तीन परिच्छेदांचा. मराठीत त्याचा आशय असा होईल:

'३ सप्टेंबर रोजी मी आपल्या कंपनीच्या विमानांनी मुंबईहून पॅरिसला आले. मुंबईत मी एक बॅग चेक-इन केली होती, तिचं वजन २३ किलो होतं. पॅरिसला ही बॅग मला मिळाली नाही. मी त्याच सकाळी आपल्या काउंटरवर नोंद केली. तिची प्रत सोबत आहे. बॅग गडद निळ्या रंगाची, कडक कवचाची, ७५ सेंटिमीटर उंच असून तिला लाल पट्टा आणि डाव्या बाजूला गोल पिवळा स्टिकर आहे.

आजपर्यंत, म्हणजे मी पोचल्यानंतर सव्वीस दिवसांनीही, बॅग मला परत मिळालेली नाही. माँट्रियल कराराच्या कलम १७ मध्ये दिलेला एकवीस दिवसांचा अवधी संपला असल्यामुळे ती हरवली असं मानायला हवं.

त्यामुळे बॅग आणि आतल्या वस्तूंपोटी ७७० युरो आणि तातडीच्या खरेदीपोटी १४६ युरो, असे एकूण ९१६ युरो हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत मला द्यावेत, अशी आपणांस विनंती आहे. तपशीलवार यादी आणि पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.'

पहिल्या परिच्छेदात काय घडलं ते आहे, दुसऱ्यात त्यामुळे कायद्याने काय ठरतं ते, तिसऱ्यात काय हवं ते. फ्रेंच शाळांत आणि भाषेच्या परीक्षांतही तक्रारपत्राची हीच घडण शिकवतात. घडलेल्या गोष्टींमध्ये विशेषणं नाहीत आणि मागणी एकच आहे. 'योग्य ती भरपाई द्यावी' असं लिहिलं तर योग्य किती हे कंपनी ठरवते. आकडा लिहिला की कंपनीला तो मान्य करावा लागतो किंवा का मान्य नाही ते सांगावं लागतं.

हा आकडा कसा काढायचा, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. करारात भरपाईची कमाल मर्यादा आहे. ती आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या एककात सांगतात. डिसेंबर २०२४ पासून ती दर प्रवाशी १५१९ एसडीआर आहे, म्हणजे ढोबळमानाने १८०० युरोंच्या आसपास. बॅग हरवली की एवढी रक्कम आपोआप मिळते, असं अनेक जण धरून चालतात. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने २०२० साली एका खटल्यात स्पष्ट केलं की ही फक्त वरची मर्यादा आहे आणि नुकसान किती झालं हे प्रवाशाने दाखवायला हवं. पावत्या नसतील तर न्यायाधीश बॅगेचं वजन, किंवा ती जाताना हरवली की परत येताना, अशा गोष्टी विचारात घेऊ शकतात, असंही त्या निकालात आहे. म्हणून पत्रात २३ किलो लिहिणं उपयोगाचं. त्याच न्यायालयाने २०१० साली मनस्तापाचाही समावेश याच मर्यादेत केला होता. त्यामुळे मनस्तापासाठी मर्यादेबाहेर वेगळी मोठी रक्कम मागण्यात अर्थ नाही.

तिची यादी अशी: बॅग ८० युरो, कोट आणि स्वेटर २१०, इतर कपडे २६०, बूट ७०, कुकर आणि स्वयंपाकाचं सामान ६०, पुस्तकं ९०. बेरीज ७७०. प्रत्येक वस्तूपुढे ती कधी घेतली आणि तेव्हा किती रुपयांना घेतली हे लिहायचं आणि वापरामुळे किंमत किती उतरली ते स्वतःच वजा करायचं. चार वर्षांपूर्वीच्या कोटाची नव्या कोटाइतकी किंमत लावली, तर वाचणाऱ्याचा बाकीच्या यादीवरचाही विश्वास उडतो. फ्रान्समध्ये घेतलेलं जाकीट आणि दोन जोड कपडे १४६ युरोंत आले आहेत, म्हणून तेवढे जुने कपडे ७७० च्या यादीतून गाळायचे. एकाच वस्तूचे पैसे दोनदा मागू नयेत. पावती सापडली नाही तर बँकेचा उतारा, ऑनलाइन ऑर्डरचा ईमेल, ती वस्तू वापरतानाचा फोटो चालतो. दागिने, रोख रक्कम, लॅपटॉप हे चेक-इन सामानात ठेवू नका असं बहुतेक कंपन्यांच्या वाहतुकीच्या अटींत असतं, त्यामुळे अशा वस्तूंवरून वाद हमखास होतो. मर्यादेपेक्षा मौल्यवान सामान न्यायचं असेल तर चेक-इनच्या वेळीच जादा मूल्य जाहीर करून त्याचं शुल्क भरण्याची सोय करारात आहे. नंतर ती करता येत नाही.

आता भाषेतल्या सौजन्याबद्दल. फ्रेंच पत्रात आज्ञार्थी क्रियापद तक्रारीच्या मजकुरात शोभत नाही. 'पैसे द्या' याऐवजी 'झ वू प्री द ब्यँ वूल्वार म वेर्से ला सॉम द...' असं लिहितात, म्हणजे एवढी रक्कम मला देण्याची कृपा करावी अशी विनंती करते. याच वाक्यात रक्कम आणि मुदत बसली पाहिजे. नवखे लोक विनंतीच्या मऊ शब्दांबरोबर मागणीही मऊ करतात. 'शक्य असल्यास', 'काही मदत झाली तर' असं लिहितात. मग कंपनी शंभर युरोंचं कूपन पाठवून प्रकरण मिटवू पाहते. फ्रेंच पत्रातली नम्रता क्रियापदात आणि शेवटच्या वाक्यात असते, रकमेत आणि तारखेत नसते.

शेवटचं वाक्य ठरलेलं आहे: 'झ वू प्री दाग्रेए, मादाम, मस्यो, लेक्स्प्रेस्यों द मे साल्युतास्यों दिस्तँगे', माझे आदरपूर्वक नमस्कार स्वीकारावेत. सुरुवातीला जे संबोधन वापरलं तेच इथे यायला हवं. हे वाक्य गाळलं तर फ्रेंच वाचकाला पत्र उद्धट वाटतं. उत्तर आलं नाही म्हणून दुसरं, कडक पत्र पाठवावं लागलं आणि त्यात 'मीज आँ दमर', म्हणजे पैसे चुकते करण्याची रीतसर नोटीस, हे शब्द आले, तरीही शेवट याच वाक्याने होतो.

पत्र कंपनीच्या संकेतस्थळावरच्या फॉर्ममधून पाठवता येतं. तसं पाठवलं तर भरलेल्या फॉर्मची आणि मिळालेल्या पोचेची प्रत लगेच जपून ठेवावी. रक्कम मोठी असेल किंवा मुदत जवळ आली असेल तर फ्रान्समध्ये पोस्टातून 'लेत्र रकोमाँदे आवेक आवि द रेसेप्स्यों' पाठवतात, म्हणजे पोहोच-पावतीसह रजिस्टर्ड पत्र. सही होऊन परत आलेल्या पावतीवरची तारीख हा पुरावा असतो आणि तीस दिवस तिथपासून मोजायचे. सोबत सगळ्या कागदांच्या प्रतीच द्यायच्या. पट्टीचा मूळ तुकडा आणि मूळ पावत्या आपल्याकडे ठेवायच्या.

पत्र कोणाला पाठवायचं हाही प्रश्न येतो, कारण एकाच तिकिटावर दोन कंपन्यांची विमानं असू शकतात. अशा सलग प्रवासात करारानुसार पहिल्या किंवा शेवटच्या कंपनीकडे किंवा जिच्या टप्प्यात सामान हरवलं तिच्याकडे भरपाई मागता येते. नोंद सहसा शेवटच्या कंपनीकडे झालेली असते, त्यामुळे पत्रही तिलाच लिहिणं सोयीचं. 'बॅग आधीच्या कंपनीने हरवली' हे उत्तर आलं तरी तेवढ्याने तिची जबाबदारी संपत नाही.

उत्तर बहुधा अर्धंमुर्धं येतं. समजा कंपनीने ६०० युरो देऊ केले आणि सोबत एक कागद सहीसाठी पाठवला. तो नीट वाचायचा. यापुढे काहीही मागणी करणार नाही असं त्यात लिहिलेलं असेल तर सही केल्यावर उरलेल्या ३१६ युरोंचा विषय संपला. कुठल्या वस्तूंची किंमत कमी धरली हे लेखी विचारायचं आणि तेवढ्याच वस्तूंचे जादा पुरावे पाठवायचे. साठ दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, तर प्रवाशाला फ्रान्समधल्या 'मेदियातर तुरीज्म ए व्हॉयाज' या मध्यस्थाकडे जाता येतं. तो कसलंही शुल्क घेत नाही. मात्र विमान कंपनी त्याच्या व्यवस्थेत सामील असायला हवी, हे आधी पाहून घ्यावं. न्यायालयाचा मार्ग शेवटचा आणि त्याला दोन वर्षांची मुदत आहे. विमान पोचलं किंवा पोचायला हवं होतं त्या दिवसापासून दोन वर्षांत दावा दाखल झाला नाही तर हक्कच उरत नाही. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत पुढे सरकेल असं धरून चालू नये. ३ सप्टेंबर ही तारीख तिने दोन वर्षांनंतरच्या दिनदर्शिकेतही आजच लिहून ठेवावी आणि तिच्या काही महिने आधी ठरवावं की कंपनीने देऊ केलेली रक्कम घ्यायची की दावा लावायचा.